अठरा इंच मुरूम

नंदीकेश्वर सोसायटीच्या सभेत अमृतरावांनी वीरण्णाला सगळ्यांदेखत चोर म्हटलं, तेव्हा शिवकांता बायकांच्या रांगेत बसली होती. वीरण्णा तिचा नवरा. त्याचा बीपी दोन दिवस वर होता म्हणून ती त्याच्याबरोबर आली होती, एवढंच. नाहीतर सभेत तिचं काही काम नव्हतं.

उदगीरच्या देगलूर रस्त्याला नाक्यापुढं त्या दोघांचं, रस्त्यावर बसवायच्या सिमेंटच्या ब्लॉकचं यार्ड होतं. पत्र्याचं शेड, एक मिक्सर, एक थरथरणारं टेबल आणि साच्यांच्या थप्प्या. वीरण्णा माल घालायचा, शिवकांता ब्लॉक साच्यातून काढून पाण्यात ठेवायची. लग्नानंतरची बारा वर्षं दोघांनी हेच केलं होतं.

नंदीकेश्वर सोसायटी तिथून हाकेच्या अंतरावर. गेटापासून मागच्या बोअरपर्यंत दोनशे फूट लांब, वीस फूट रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ घरं. पूर्वी तो रस्ता मुरूम-खडी दाबून केलेला होता. उन्हाळ्यात धुरळा, पावसाळ्यात चाकोऱ्या. उदगीर जिल्हा होणार, यंदाच्या झेंडावंदनाला जाहीर होणार, असं दर वर्षी ऐकू यायचं. मग साहेब लोक भाड्यानं घरं बघायला येतील, त्यांना काय चाकोऱ्या दाखवायच्या? असं म्हणून सोसायटीनं रस्ता पक्का करायचं ठरवलं. वीरण्णाला विचारलं, तेव्हा त्यानं सगळं उलगडून सांगितलं होतं.

"मुरूम-खडीला नावं ठेवू नका. पाणी मुरतं, खड्डा पडला तर पाटीभर खडीत भागतं. पण दर साल हात फिरवावा लागतो, आन् वजनी गाडी वळली की उखडतं. सिमेंटचा रस्ता गाडीला चांगला. पण खालून पाईप न्यायचा म्हणलं की फोडावाच लागतो, मग ठिगळ लावा. ब्लॉक उचलता येतात, पाईप टाकून तेच परत बसवता येतात. पाणी त्याच्या फटींतनं थोडंच जातं, बाकीच्याला उतार द्यावा लागतो. आता तुम्ही तिन्हीतलं काहीबी करा, खाली आपली काळी माती हाय. ती पाणी प्याली की फुगती, वाळली की आकसती. ती अठरा इंच काढून तिथं मुरूम थराथरानं दाबल्याबिगर वरचं काहीच टिकायचं न्हाई."

सगळ्यांना ते पटलं. कागदावर अठरा इंच लिहिलं गेलं. फक्त खोदाई आणि भराई चेअरमन अमृतरावांनी आपला भाचा धोंडप्पा याच्याकडं दिली. त्याच्याकडं जेसीबी होता. वीरण्णा त्या आठवड्यात निलंग्याला एका शाळेच्या मैदानाचं काम करत होता. परत आला तेव्हा मुरूम भरून, रोलर फिरवून तयार. "अठरा इंच भरलाय ना?" त्यानं विचारलं. "कागदावर हाय की," अमृतराव म्हणाले. वीरण्णानं वर खडीचा थर, त्यावर ग्रीट, म्हणजे खडीची बारीक कच, आणि त्यावर ऐंशी मिलिमीटरचे ब्लॉक बसवले.

पुढं दुष्काळ पडला. नळाला पाणी येईना, बोअर आटले, सोसायटीत दिवसाआड मोठा टँकर यायला लागला. चाकांखालचे ब्लॉक खचले. गेटापासून मागपर्यंत दोन पन्हाळी पडल्या. फक्त अमृतरावांच्या दारासमोरचा तुकडा जसाच्या तसा राहिला.

त्या सभेत अमृतरावांनी तेच पुढं केलं. ते आडतीतले माणूस, आवाज मोठा.

"माझ्या दारात मी खुर्ची टाकून बसलो व्हतो, म्हणून तिथं ह्यानं नीट काम केलं. बाकी ठिकाणी माल खाल्ला. ही बघा ह्याची बिस्किटं!"

असं म्हणून त्यांनी एक ब्लॉक वीरण्णाच्या पायाजवळ दाणकन आपटला. तो ब्लॉक फुटला नाही. फरशीचा टवका उडाला, ब्लॉक तसाच आडवा पडला. ते शिवकांताशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोक "बिस्किट, बिस्किट" म्हणून हसत होते. वीरण्णा उभा राहिला. त्यानं खाली वाकून तो ब्लॉक उचलला, नीट भिंतीला टेकवून ठेवला आणि बाहेर पडला.

उदगीर ते केवढंसं गाव! आठ दिवसांत त्याला 'बिस्किटवाला' नाव पडलं. ठरलेली दोन कामं हातची गेली. वीरण्णा यार्डावर यायचा बंद झाला. दाढी वाढली. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायचा. जेवायला बोलावलं तर यायचा, दोन घास खायचा. एकदाच म्हणाला, "एक पहार मारून बघायला पायजे व्हती मी. एकच पहार. कागदावर इस्वास ठेवला."

"मी दाखवते की त्याला," शिवकांता म्हणाली.

"जाऊ दे गं."

"न्हाई जाऊ देत."

तिनं ठरवलं होतं. भांडून नाही, कोर्टात जाऊन नाही. ब्लॉक मिक्सरच्या एकाच घाणीचे, बसवणारे हात तेच, टँकर तोच. मग एका माणसाच्या दारासमोर तेच ब्लॉक का खचले नाहीत? दोन्हींत फरक असेल तर तो वर नव्हता, खाली होता. ते तिला त्या सभेतच कळलं होतं. पण नुसतं सांगून कोण ऐकणार होतं? चोराच्या बायकोचं बोलणं! जमीन उघडायला लागली असती, आणि तीही त्याच लोकांच्या हातांनी, त्यांच्या मागणीनं. तोपर्यंत तिला वाट बघायची होती.

यार्ड तिनं एकटीनं, एका जुन्या गड्याला हाताशी धरून चालवलं. उदगीरात कुणी माल घेईना, तर देगलूरकडं कडेचे दगड आणि कुंपणाचे खांब करून पाठवले. हात फुटले. ती रोज सकाळी स्कूटीवरून सोसायटीच्या गेटासमोरून जायची, आणि गेटाशी वेग कमी करायची.

जानेवारीत सोसायटीनं ब्लॉक उचलून टाकले आणि सिमेंटचा रस्ता करायला घेतला. काम पुन्हा धोंडप्पाकडंच. शिवकांतानं रस्त्याच्या पलीकडं गाडी लावून बघितलं. खाली कुणी खोदलं नाही. ब्लॉक काढलेल्या जागेवर तशीच सहा इंच जाडीची स्लॅब ओतली. तीन इंचांच्या ब्लॉकच्या जागी सहा इंची स्लॅब, म्हणजे रस्ता तीन इंच वर आला. घरांच्या पायऱ्या तिथंच राहिल्या. कडेची पाणी जायची चर सिमेंटच्या ओघळांनी बुजली. पंधरा-पंधरा फुटांवर काप द्यायला पाहिजे होते, तेही दिले नाहीत. एकसंध, गुळगुळीत, चकचकीत. लोक खूश होते.

त्याच आठवड्यात तारामतीबाई तिला भाजीबाजारात भेटल्या. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी, शाळेत शिकवायच्या. त्यांचं घर सखल रांगेत, अमृतरावांच्या समोरच्या बाजूला. मनानं चांगली बाई. त्या सभेत न हसलेल्या दोघा-तिघांत त्या होत्या.

"वहिनी, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते. रस्ता चांगला झालाय ना? पाण्याचं काही होणार नाही ना?"

शिवकांताच्या जिभेवर सगळं आलं होतं. तीन इंच, चर, काप. तिनं वांगी पिशवीत भरली.

"चेअरमनसाहेबांनी केलाय म्हणल्यावर चांगलाच असंल की, बाई," ती म्हणाली, आणि निघाली.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. उदगीरकडं काळ्या रानांना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. सोसायटीच्या स्लॅबखालची मातीही आकसली. खालचा आधार गेला, वर टँकर. काप नव्हते, म्हणून स्लॅब आपल्या मनानं तडकली. आडवी, तिरपी, मधोमध लांब. मे महिन्यात मागच्या बाजूला नवीन बोअर घेतला, त्याला जेमतेम पाणी लागलं. ते पाणी गेटाजवळच्या टाकीत आणायला पाईप टाकायचा होता. तो सखल रांगेच्या बाजूनं न्यायचं ठरलं. मग ब्रेकर आला. चार महिन्यांचा रस्ता दोनशे फूट चिरला. चार दिवस कानठळ्या बसत होत्या. शिवकांता यार्डात साचे धूत असायची आणि तो आवाज ऐकायची. तिला तो गोड लागायचा, आणि ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

पाईप टाकून वरून मातीच लोटली आणि सिमेंटचं ठिगळ मारलं. महिन्याभरात ठिगळ खचलं.

पावसानं दोन-तीन वर्षांची उधारी सप्टेंबरात एकदम फेडली. तीन दिवस धार तुटली नाही. स्लॅबवरचं पाणी मुरायला जागा नाही, चर बुजलेली, रस्ता पायऱ्यांच्या वर. खचलेल्या ठिगळाचीच नाली झाली, आणि ती सखल रांगेच्या दारांशी होती. चार घरांत गुडघ्याच्या खाली, पण पाणी शिरलं. तारामतीबाईंच्या घरात वर्षाची तूरडाळ भिजली, गाद्या भिजल्या. कपाटातल्या खालच्या फळीवर शाळेतल्या मुलांच्या चाचणीच्या वह्या होत्या, त्यांचा लगदा झाला. पावसाचं पाणी जमिनीत जिरून बोअरला मिळावं म्हणून बोअरजवळ पुनर्भरणाचा खड्डा केलेला होता, त्यात मात्र पाणी पोचलंच नाही. ज्या पाण्यासाठी तीन वर्षं जीव टाकला, ते घरात शिरून गेटातून बाहेर वाहून गेलं.

अमृतरावांचं जोतं उंच. त्यांच्या घरात थेंब गेला नाही.

चौथ्या दिवशी तारामतीबाई आणि सखल रांगेतले दोघे जण यार्डावर आले. शिवकांतानं त्यांना बसायला उलट्या पाट्या दिल्या.

"वहिनी, आम्हाला वीरण्णांकडूनच करून घ्यायचंय," तारामतीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "झालं ते झालं. येतील का ते?"

"ते न्हाई येणार. मी येईन. पण माझी एक अट हाय."

"बोला."

"आधी तीन जागी खोदायचं. कुठं ते तुम्ही सगळ्यांनी ठरवायचं, चिठ्ठ्या टाकून ठरवा. अठराच्या अठरा घरचे लोक हजर पायजेत. खाली मुरूम किती हाय ते मोजायचं. आन् टेप चेअरमनसाहेबांनी धरायचा. आकडाबी त्यांनीच मोठ्यानं वाचायचा. मी हात लावणार न्हाई."

"मोजून काय होणार?" दोघांतल्या एकानं विचारलं.

"किती खोदायचं ते कळंल. न्हाई कळलं तर मी काम घेत न्हाई. दुसरा बघा."

तारामतीबाई हुशार होत्या. "बाजारात मी विचारलं होतं तेव्हा तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

शिवकांतानं मान खाली घातली नाही. "हाव."

"आणि बोलला नाहीत?"

"माझ्या मालकाला तुमचे लोक हसले तवा तुम्हीबी बोलला न्हाईत, बाई."

तारामतीबाई उठल्या. शिवकांताला वाटलं, गेलं काम. पण दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "रविवारी सकाळी नऊ वाजता," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या मी टाकते."

रविवारी सगळे आले. अमृतराव येणार नाहीत असं लोक म्हणत होते. पण न येणं म्हणजे कबूलच करणं, हे त्यांनाही कळत होतं. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात काठी. धोंडप्पा बरोबर होता. घरी वीरण्णाला शिवकांता दोनदा म्हणाली होती, चला. तो आला नव्हता.

तारामतीबाईंनी स्टीलच्या डब्यात घरांच्या नंबरांच्या अठरा चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी निघाली सहा नंबरची. दुसरी तेरा. तिसरी काढताना सखल रांगेतला एक जण ओरडला, "तिसरी चिठ्ठी कशाला? चेअरमनच्या दारात खोदा. तिथं ब्लॉक खचले नव्हते ना, मग तिथलंच बघू!" सगळ्यांनी 'हाव, हाव' केलं. शिवकांतानं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. तिला काढावा लागला नाही.

सटवाजी, तिच्या यार्डावरचा जुना गडी, त्यानं ब्रेकर लावला. सहा नंबरच्या दारासमोर हातभर स्लॅब फोडली, तुकडे काढले, ग्रीट आणि खडी बाजूला सारली, आणि मग पहार घातली. लाल मुरूम निघाला. दोन-चार घाव, आणि लगेच काळी माती, ओली, लोण्यासारखी, पहारीला चिकटून आली. सटवाजीनं खड्ड्याची कड तासून सरळ केली. लाल आणि काळ्याची रेघ शाळेतल्या पोरालाही दिसावी इतकी स्पष्ट होती.

शिवकांतानं टेप पुढं केला. अमृतरावांनी तो घेतला नाही.

"धोंडप्पा, धर रे."

"धोंडप्पा न्हाई," शिवकांता म्हणाली. "तुम्ही, अप्पा. तुम्ही चेअरमन हावत."

ते खाली बसले. गुडघे कुरकुरले. टेप मुरमाच्या वरच्या कडेला लावला आणि खाली काळ्या मातीपर्यंत सोडला.

"वाचा," शिवकांता म्हणाली.

"सहा," ते पुटपुटले.

"मागं ऐकायला गेलं न्हाई."

"सहा इंच!"

लोकांत कुजबूज झाली. तेरा नंबरला साडेपाच भरले. ते त्यांनी आपण होऊन मोठ्यानं वाचलं. कारण आता हळू बोलण्यात काही अर्थ उरला नव्हता. मग सगळी गर्दी त्यांच्या दाराकडं सरकली. तिथं सटवाजी खणत राहिला, खणत राहिला. मुरूम संपेना. लाल, कडक, थराथरानं दाबलेला. सटवाजीला दोनदा दम खावा लागला. शेवटी पहारीला काळी माती लागली.

अमृतरावांनी टेप खाली सोडला. त्यांनी आकडा बघितला आणि वर बघितलं. समोर अठरा घरचे लोक.

"वाचा ना अप्पा," तारामतीबाई म्हणाल्या. शाळेत म्हणतात तसं, शांतपणानं.

"अठरा."

शिवकांताला वाटलं होतं, आता गलका होईल, शिव्या होतील. पण लोक नुसते उभे राहिले, आणि ते जास्त वाईट होतं. धोंडप्पानं "मामा, घरी चला" म्हटलं, तर अमृतरावांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सहा नंबरचा म्हातारा म्हणाला, "आमच्या दारात सहा, तुमच्या दारात अठरा. आन् चोर वीरण्णा?"

शिवकांतानं हे वाक्य सव्वा वर्ष मनातल्या मनात दुसऱ्यांच्या तोंडी घालून बघितलं होतं. आता ते खरंच कुणीतरी म्हटलं. ती हसली नाही. तिनं टेप मागून घेतला, पुसला, गुंडाळला.

"घरी येऊन त्यांना म्हणा," ती अमृतरावांना म्हणाली. "इथं न्हाई. त्यांच्या घरी येऊन."

त्याच दुपारी अमृतराव तिच्या घरी आले. वीरण्णा आतल्या खोलीतून बाहेर आला, दाढी तशीच. अमृतराव म्हणाले, "चूक झाली." वीरण्णानं त्यांना पाणी दिलं. एवढंच झालं. शिवकांताला वाटलं होतं, हे संपल्यावर आपल्याला निवांत वाटेल. नाही वाटलं. तिला आणखी हवं होतं.

चेअरमन बदलला. काम शिवकांताला मिळालं. तिनं रस्त्याचे तीन भाग केले. गेटापाशी, जिथं टँकर वळतो आणि ब्रेक मारतो, तिथं काप दिलेला सिमेंटचा तुकडा, खाली पुरी भराई करून. मधे, घरांच्या रांगांमधून, जिथं खालून पाईप जातो, तिथं ब्लॉक, आणि दोन्ही कडांना कडेचे दगड, म्हणजे ब्लॉक पांगणार नाहीत. मागं बोअरजवळ, जिथं फक्त दुचाक्या लागतात आणि घरं लांब आहेत, तिथं दाबलेली खडी. पाणी मुरलं तर तिथं मुरू दे. ब्लॉकच्या रस्त्याला एकाच बाजूला उतार, चार फुटाला एक इंच. म्हणजे पाणी सखल रांगेपासून दूर, समोरच्या बाजूच्या नालीत जाईल आणि नालीतून, जाळीतून गाळून, पुनर्भरणाच्या खड्ड्यात.

समोरची बाजू म्हणजे अमृतरावांची बाजू. नऊ घरांपैकी आठांच्या पायऱ्या हद्दीत होत्या. अमृतरावांच्या पायऱ्या आणि त्यांना लागून बांधलेला ओटा चार फूट पुढं, नालीच्या वाटेत.

"फोडावा लागंल," शिवकांतानं नव्या चेअरमनला सांगितलं. त्यानं लगेच सही केली.

ओट्यावर पार्वतम्मा बसायच्या. अमृतरावांची आई, ऐंशीच्या वर. गुडघ्यांनी गेलेल्या. रोज चार वाजता सून त्यांना ओट्यावर आणून बसवायची, मग दिवस मावळेपर्यंत त्या जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारत बसायच्या. शिवकांता नववधू होती तेव्हा मठात पार्वतम्मांनीच तिची ओटी भरली होती.

नालीची रेघ आखायला दोरी बांधताना पार्वतम्मांनी तिला जवळ बोलावलं.

"पोरी, नाली माझ्या बसायच्या जागंवरनंच का गं?"

"उतार तिकडं हाय, अव्वा."

"जरा वाकडी न्हाई घेता यायची?"

"वाकडी घेतली की वळणावर गाळ धरती."

ते खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं. ओट्याखालून नऊ इंची पाईप घालून दोन्ही बाजूंना साफ करायला एक-एक चेंबर करता आला असता. असं तिनंच देगलूरला एका दवाखान्याच्या रॅम्पखाली केलं होतं. पार्वतम्मांनी तिचा हात धरून ठेवला होता, हाडकुळा, गार.

"लेकानं केलं गं. म्या न्हाई केलं."

शिवकांतानं हात सोडवून घेतला आणि सटवाजीला म्हणाली, "लाव ब्रेकर."

ओटा दोन तासांत गेला. अमृतराव घरातच होते, बाहेर आले नाहीत. खिडकीचा पडदा हललेला तिनं बघितला. ग्रॅनाइटच्या लाद्या तुटताना तिला जे हवं होतं ते मिळालं. त्या दिवशी ती भरपूर जेवली.

नालीचं काम सुरू असताना वीरण्णा आला. कुणी बोलावलं नव्हतं. दाढी केलेली, अंगात जुना शर्ट. तो गेटापासून चालत आला, मुरमाचे थर बघितले, एका ठिकाणी पहार मारून बघितली. मग अमृतरावांच्या दाराशी थांबला. उखडलेल्या जागेकडं बघितलं, नालीची रेघ डोळ्यानं मागं-पुढं न्याहाळली.

"पाईप घालून जमलं असतं," तो हळूच म्हणाला.

"हाव."

"तुला ठाव व्हतं."

"हाव, ठाव व्हतं." ती थांबली. "तुम्ही सव्वा साल भिंतीकडं तोंड करून पडला. मी ते रोज बघितलं. त्याच्या घरात कुणीतरी एक जण तसं बसायला पायजे व्हतं."

वीरण्णा बरं केलंस म्हणाला नाही, वाईट केलंस म्हणाला नाही. त्यानं सटवाजीकडून पाण्याची लेव्हल नळी मागितली आणि एक टोक स्वतः धरून नालीच्या खालच्या अंगाला गेला. "इथं दोन सूत, पाव इंचभर, चढ येतोय," तिथून त्याचा आवाज आला. "तळ खरवडा." त्या आवाजात जुना वीरण्णा होता. शिवकांतानं पदरानं तोंड पुसलं आणि फावडं उचललं.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस तासभर दणकून आला. ब्लॉकवरचं पाणी एका बाजूला सरकलं, नालीत उतरलं, जाळीतून गाळून खड्ड्यात गेलं. सखल रांगेत कुणाची पायरीसुद्धा ओली झाली नाही. पुढच्या वर्षी पाईपचा एक सांधा गळला, तेव्हा सटवाजीनं चाळीस ब्लॉक उचलले, सांधा बदलला, ग्रीट सारखं केलं आणि दुपारच्या जेवणाआधी तेच ब्लॉक परत ठोकून बसवले. कुठं खोदलं होतं हे दाखवता येईना. आता उदगीरात वीरण्णाला बिस्किटवाला कुणी म्हणत नाही. उदगीर जिल्हा झाला नाही. दर वर्षी होणार म्हणतात.

अमृतरावांनी लातूरच्या बाजूला घर बघितलं, पण गेले नाहीत. आडतीत जातात, येतात, रस्त्यात वीरण्णा दिसला तर काठी दुसऱ्या हातात घेतात. पार्वतम्मांना सून आता आतल्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवते. तिथून रस्ता दिसत नाही, नुसतं कुंपण दिसतं.

दर सहा महिन्यांनी नालीच्या जाळ्या साफ करून घ्यायला शिवकांता सोसायटीत जाते. एकदा कुंपणाच्या फटीतून तिला म्हातारी दिसली. शिवकांता थांबली. "शरणु, अव्वा," ती हात जोडून म्हणाली.

पार्वतम्मांनी ऐकलं. कान तेवढे शाबूत होते त्यांचे. त्यांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि परत समोर बघायला लागल्या.

शिवकांतानं वाकून जाळी उचलली आणि गाळ उपसायला लागली.